फॅक्टर आठची जीन थेरपी: विषाणूची की विनाविषाणूची?

डॉक्टर, नमस्कार. माझा मुलगा ११ वर्षांचा आहे. त्याला सिव्हियर हिमोफिलिया ए आहे. आठवड्यातून दोनदा फॅक्टर घेतो, तरी गेल्या वर्षात उजव्या गुडघ्यात दोनदा रक्त साचलं. माझ्या भावाने व्हॉट्सअॅपवर पाठवलंय की जीन थेरपीचं एकच इंजेक्शन घेतलं की आयुष्यभर फॅक्टर लागत नाही. पण त्यात विषाणू टोचतात हे कळल्यावर घरचे घाबरलेत. सासूबाई म्हणतात, विनाविषाणूची पद्धत निघतेय, तोवर थांबा. विनाविषाणूची जास्त सुरक्षित असते ना? कुठली किती वर्षं टिकते? आम्ही आत्ता कुठे नाव नोंदवावं का?
— एक आई, सातारा जिल्हा

ताई,

तुमच्या मुलाच्या वयाला देता येईल अशी हिमोफिलिया एची मंजूर जीन थेरपी आज जगात कुठेच नाही. युरोपात २०२२ साली आणि अमेरिकेत २०२३ साली 'रॉक्टेव्हियन' नावाच्या थेरपीला मंजुरी मिळाली, पण ती फक्त प्रौढांसाठी. अमेरिकेत तिची जाहीर किंमत २९ लाख डॉलर ठेवली होती. तेव्हा नाव नोंदवायची घाई मनातून काढून टाका. मुलांना ती का देत नाहीत हे मात्र नीट समजून घ्या, कारण तुमच्या बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरं त्यातूनच निघतात.

त्या औषधातला विषाणू एएव्ही जातीचा आहे. निसर्गात तो माणसाला कसलाच ज्ञात आजार देत नाही. औषध बनवताना त्याची स्वतःची जीन्स काढून टाकतात, प्रथिनाचं कवच तेवढं ठेवतात आणि आत फॅक्टर आठ, म्हणजे तुमच्या मुलात कमी असलेलं रक्त गोठवणारं प्रथिन, त्याची जीन भरतात. म्हणजे शरीरात जातो तो वाढणारा विषाणू नसतो. त्याची पिल्लं होत नाहीत, घरच्यांना त्याची लागण होत नाही. घरच्यांची ही भीती तेवढी तुम्ही खुशाल दूर करा. खऱ्या अडचणी दुसऱ्याच आहेत.

पहिली अडचण जागेची. एएव्हीच्या कवचात डीएनएची जेमतेम ४,७०० अक्षरं मावतात. फॅक्टर आठ बनवण्याची सूचना ७,००० अक्षरांची आहे. शिवाय जीन कुठल्या पेशीत सुरू व्हायची हे ठरवणारा भाग पुढे लागतो आणि शेवट सांगणारा भाग मागे. मग शास्त्रज्ञांनी फॅक्टर आठचा मधला मोठा तुकडा, त्याला बी-डोमेन म्हणतात, काढून टाकला. रक्त गोठवायला तो लागत नाही. तुमचा मुलगा घेतो त्या कारखान्यात बनलेल्या फॅक्टरांपैकी काहींमध्येही तो नसतो. तुकडा काढल्यावर सूचना सुमारे ४,४०० अक्षरांवर आली. तरीही पुढचामागचा भाग धरून सामान मर्यादेच्या किंचित बाहेरच राहिलं. त्यामुळे काही कवचांत जीन अर्धवट भरली जाते आणि दोन अर्धे तुकडे पेशीत जाऊन जुळावे लागतात. फॅक्टर नऊ कमी असलेल्या हिमोफिलिया बीवाल्यांचं नशीब इथे चांगलं. फॅक्टर नऊची सूचना सुमारे १,४०० अक्षरांचीच आहे, ती त्याच कवचात आरामात बसते.

दुसरी अडचण टिकण्याची. एएव्ही यकृताच्या पेशीत शिरून जीन केंद्रकात नेऊन सोडतो, पण बहुतांशी ती पेशीच्या स्वतःच्या डीएनएला जोडली जात नाही. बांधलेल्या वहीत कुणी सुटा कागद ठेवावा, तशी ती आत राहते. पेशी दोन होताना बांधलेल्या पानांची नक्कल होते, सुट्या कागदाची होत नाही. प्रौढ माणसाच्या यकृतातल्या पेशी फार सावकाश बदलतात, म्हणून कागद बरीच वर्षं जागेवर राहू शकतो. ११ वर्षांच्या मुलाचं यकृत अजून वाढतंय. ते मोठं होत जाईल तसतशी फॅक्टर बनवणाऱ्या पेशींची संख्या एकूण पेशींच्या मानाने कमी होत जाणार. अंग वाढतं तसं रक्तही वाढतं, म्हणजे गरज वाढते आणि पुरवठा तेवढाच राहतो. मुलांना न देण्याचं एक मोठं कारण हे आहे.

बरं, प्रौढांमध्ये तरी ती आयुष्यभर टिकते का? रॉक्टेव्हियनच्या सुरुवातीच्या चाचणीत मोठा डोस मिळालेले ७ पुरुष होते. निरोगी माणसाचा फॅक्टर आठ १०० धरला, तर त्यांची सरासरी पहिल्या वर्षाअखेर सुमारे ६४ होती. दुसऱ्या वर्षाअखेर ती ३६ वर आली, तिसऱ्याला ३३, चौथ्याला २४ आणि पाचव्याला १२ च्या आसपास. सिव्हियर म्हणजे १ च्या खाली, त्यामुळे १२ सुद्धा मोठी गोष्ट आहे. त्या पातळीवर आपोआप होणारे रक्तस्राव फारसे होत नाहीत. पण उतार तुम्हाला दिसतोच आहे. तुमच्या भावाच्या मेसेजमधलं 'आयुष्यभर' कुठल्या आकड्यावर उभं आहे ते त्यालाच विचारा.

याच्या शेजारी फॅक्टर नऊ ठेवून बघा. लंडनमध्ये १० पुरुषांना एएव्हीमधून फॅक्टर नऊची जीन दिली होती. त्यांची १३ वर्षांची माहिती २०२५ साली प्रसिद्ध झाली. डोसप्रमाणे पातळ्या साधारण २ ते ५ एवढ्याच होत्या, पण त्या जवळजवळ जिथल्या तिथे राहिल्या. विषाणूची जात तीच आणि अवयवही यकृतच, तरी एक फॅक्टर टिकला आणि दुसरा ओसरला. फॅक्टर आठ निसर्गतः यकृतातल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींत बनतो. थेरपी तो यकृताच्या मुख्य पेशींकडून बनवून घेते, आणि हे अवजड प्रथिन नीट घडी घालून बाहेर पाठवताना त्या पेशींवर ताण येतो. उतार यामुळेच येतो की आणखी कशाने, यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. 'अमुक विषाणू अमुक वर्षं टिकतो' असं सरसकट उत्तर मी देत नाही, ते यासाठी.

ओसरला तर पुन्हा टोचता येईल का? नाही, आणि निर्णय घेताना हीच गोष्ट सर्वांत जड आहे. रॉक्टेव्हियनचा डोस वजनाच्या दर किलोमागे ६० लाख कोटी कण असा असतो. इतकी कवचं एकदम पाहिल्यावर शरीर त्यांच्याविरुद्ध भरपूर अँटिबॉडी बनवतं आणि त्या वर्षानुवर्षं रक्तात राहतात. दुसऱ्यांदा दिलेले कण यकृतात पोचायच्या आत अडवले जातात. जवळच्या नात्यातला दुसरा एएव्हीही बहुधा अडतो. निसर्गातला एएव्ही लहानपणी नकळत लागून गेलेल्या कित्येकांच्या रक्तात तर पहिल्या डोसाआधीच अशा अँटिबॉडी सापडतात, आणि मग त्यांना ही थेरपी देताच येत नाही. आपल्या मुलाला ही संधी एकदाच मिळणार आहे, असं धरूनच चाला.

सुरक्षेचं म्हणाल तर हिमोफिलियात एएव्हीचा नेहमीचा त्रास यकृताचा आहे. काही आठवड्यांत रक्तातलं एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा होत असल्याची खूण, वाढू लागतं आणि त्याबरोबर फॅक्टरची पातळीही घसरू शकते. ती वाढ वेळीच दिसावी म्हणून पहिले सहा महिने दर आठवड्याला रक्त तपासतात आणि गरज पडली की स्टेरॉइड सुरू करतात. चाचणीत बहुतेकांना ती घ्यावी लागली, कित्येकांना महिनोन्‌महिने. डोस जितका मोठा तितका धोका मोठा. ड्युशेन या स्नायूंच्या आजारात किलोमागे याच्या दुपटीहून जास्त कण द्यावे लागतात. त्या थेरपीनंतर २०२५ साली दोन किशोरवयीन मुलं यकृत निकामी होऊन दगावली. कॅन्सरचीही शंका विचारली जाते, कारण थोडे सुटे कागद तरी वहीत शिवले जातातच. हिमोफिलिया बीच्या एका चाचणीत एका रुग्णाला यकृताचा कॅन्सर झाला, तेव्हा २०२० च्या डिसेंबरमध्ये चाचणी थांबवली होती. गाठीतल्या पेशी तपासल्यावर तो थेरपीमुळे झाला असण्याची शक्यता फार कमी निघाली आणि चाचणी पुन्हा सुरू झाली.

आता आपल्या देशातली गोष्ट. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. आलोक श्रीवास्तव यांच्या गटाने वेगळा विषाणू वापरला. त्याचं नाव लेन्टिव्हायरस. त्यात ८,००० च्या आसपास अक्षरं मावतात, म्हणजे फॅक्टर आठला ओढाताण करावी लागत नाही. तो जीन थेट पेशीच्या डीएनएत शिवून टाकतो. पेशी कितीही वेळा दोन झाली तरी पान सोबत जातं. म्हणून तो रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींसाठी वापरतात. विषाणू रुग्णाला टोचत नाहीत. मूळ पेशी रक्तातून वेगळ्या काढतात, प्रयोगशाळेत त्यांच्यात जीन घालतात आणि सलाइनवाटे परत देतात. एएव्हीच्या अँटिबॉडी असलेल्यांनाही यामुळे दार बंद होत नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी २२ ते ४१ वर्षांच्या ५ पुरुषांचे निकाल प्रसिद्ध केले. पहिल्या दोघांच्या पातळ्या सुमारे ५ आणि २ आल्या. पुढच्या तिघांच्या पेशींत जीन जास्त प्रमाणात जावी म्हणून प्रयोगशाळेत एक मदतनीस रसायन वापरलं, तेव्हा पातळ्या ३७, १९ आणि ४० च्या घरात गेल्या. थेरपीनंतर पाचांपैकी कुणालाही रक्तस्राव झाला नाही. या कामाचा मला मनापासून अभिमान आहे. तरीही तुमच्या मुलासाठी आज मी ते सुचवणार नाही, त्याची कारणं सांगतो.

परत दिलेल्या पेशींना जागा मिळावी म्हणून आधी तीव्र केमोथेरपी देऊन अस्थिमज्जा रिकामी करावी लागते. त्या काळात जंतुसंसर्गाचा धोका असतो आणि पुढे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. प्रौढ पुरुषाला आधी वीर्य साठवून ठेवता येतं, वयात न आलेल्या मुलाला तो मार्ग नाही. दुसरं कारण शिवण्याचंच. पान चुकीच्या जागी शिवलं गेलं तर शेजारची जीन चाळवते. लेन्टिव्हायरसच्या आधीच्या पिढीतले रेट्रोव्हायरस पॅरिस आणि लंडनमध्ये जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेल्या २० मुलांसाठी वापरले होते. बहुतेकांचा आजार बरा झाला, पण त्यातल्या ५ मुलांना पुढे रक्ताचा कॅन्सर झाला. नंतरचे लेन्टिव्हायरस मुद्दाम दुबळे करून बनवले आहेत आणि पुष्कळ सुरक्षित ठरले आहेत. तरी मेंदूच्या एका आनुवंशिक आजारासाठीच्या लेन्टिव्हायरस थेरपीत ६७ पैकी ७ मुलांना रक्ताचे कॅन्सर झाले. तिथे जीन चालू करणारा भाग फार जोरकस होता, आणि वेल्लोरचा तसा नाही. पण असे कॅन्सर वर्षांनंतर उगवतात, आणि वेल्लोरच्या पाचही जणांवरची देखरेख एकत्र केली तरी प्रकाशनाच्या वेळी ती ८१ महिन्यांची होती. ड्युशेनच्या मुलाला किंवा त्या मेंदूच्या आजाराच्या मुलाला दुसरा पर्याय नसतो. तुमच्या मुलाला आहे, आणि माझं मत मुख्यतः त्यावरच ठरतं.

आता सासूबाईंच्या विनाविषाणू पद्धतीकडे येऊ. त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. चरबीच्या रेणूंपासून बनवलेले अतिसूक्ष्म कण, ज्यांना लिपिड नॅनोपार्टिकल म्हणतात, कोव्हिडच्या काही लसींमुळे आता सगळ्यांना ऐकून माहीत आहेत. शिरेतून दिले की ते रक्तातली काही प्रथिनं अंगावर चढवून घेतात आणि यकृताच्या पेशी त्यांना सहज आत ओढतात. त्यात विषाणूचं कवच नसल्यामुळे एएव्हीसारखी दार बंद करणारी अँटिबॉडीची अडचण येत नाही, पुन्हा पुन्हा देता येतात. जागेचं बंधनही तसं ताठर नाही. फॅक्टर आठचा अख्खा संदेश त्यात घालता येतो.

अडचण अशी की या कणांत सहसा एमआरएनए, म्हणजे प्रथिन बनवायचा तात्पुरता संदेश, भरतात, आणि तो काही दिवसांत पेशीतच विरघळून जातो. फॅक्टर आठ स्वतः रक्तात १२ तासांच्या आसपास निम्मा होतो. म्हणजे या मार्गाने फॅक्टर मिळवायचा तर आठवडा-पंधरवड्याला सलाइन लावायला दवाखाना गाठावा लागेल. फॅक्टर आठच्या जागी काम करणारं, आज मिळणारं एमिसिझुमॅब हे औषध त्वचेखाली टोचून महिन्यातून एकदा घेतलं तरी चालतं, मग हा उपद्व्याप कशाला? एमआरएनएऐवजी टिकाऊ डीएनए का भरत नाहीत, असं तुम्ही विचाराल. डीएनएला केंद्रकाच्या आत जावं लागतं आणि न विभागणाऱ्या पेशीत ते दार क्वचितच उघडतं. वर पेशीच्या मधल्या भागात उघडा डीएनए दिसला की पेशी त्याला जंतूचा हल्ला समजून धोक्याची घंटा वाजवते. विषाणूंनी कोट्यवधी वर्षांत हे दार उघडायला शिकून घेतलं आहे. चरबीच्या कणाला ते येत नाही.

यातून निघालेली वाट म्हणजे एमआरएनएवाटे जीन दुरुस्त करणारं अवजार पाठवणं. अवजार दोन-चार दिवसांत नाहीसं होतं, दुरुस्ती मात्र पेशीच्या वहीत कायमची राहते आणि पेशी दोन झाल्या तरी सोबत जाते. २०२५ साली फिलाडेल्फियात यकृताचा प्राणघातक आजार असलेल्या एका तान्ह्या बाळाची एका अक्षराची चूक अशी दुरुस्त करायला घेतली आणि त्याला तीन डोस दिले. विषाणूने तिसरा काय, दुसराही डोस देता आला नसता. पण विनाविषाणू म्हणजे निर्धोक, असंही नाही. त्याच वर्षी प्रौढांच्या दुसऱ्या एका आजारात याच प्रकारच्या कणांतून दिलेल्या दुरुस्तीनंतर एका रुग्णाच्या यकृताला गंभीर इजा झाली आणि त्या चाचण्या थांबवल्या गेल्या. पेशीत झालेली चुकीची दुरुस्तीही कायमचीच असते.

आणि इथे तुमच्या मुलाचा रिपोर्ट महत्त्वाचा ठरतो. सिव्हियर हिमोफिलिया ए असलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या फॅक्टर आठच्या जीनमध्ये अक्षराची चूक नसते. जीनचा फार मोठा भागच उलटा लागलेला असतो, त्याला इंट्रॉन २२ इन्व्हर्जन म्हणतात. एका अक्षराची दुरुस्ती तिथे उपयोगाची नाही, अख्खी जीन नव्याने बसवावी लागेल. तसे प्रयोग फॅक्टर नऊसाठी चालू आहेत. त्यात डीएनए कापणारी कात्री चरबीच्या कणांतून जाते आणि बसवायची जीन एएव्हीमधून. म्हणजे सासूबाई ज्या पद्धतीची वाट बघताहेत तिच्यातही निम्मं काम विषाणूच करतोय. तुमच्या मुलाचा दोष कुठला हे माहीत नसेल तर तपासून घ्या. परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्था आहे, तिथे हिमोफिलियाच्या जनुकीय तपासणीचा मोठा अनुभव आहे. तुमच्या जिल्ह्याच्या केंद्रातून तिथे कसं पाठवतात ते विचारा.

तोवर पुढची संधी जपायची. हिपॅटायटिस बीची लस झाली आहे ना, ते कार्डावर बघा, कारण यकृत खराब असेल तर यातल्या बहुतेक थेरपी देत नाहीत. फॅक्टरला निकामी करणाऱ्या अँटिबॉडी, म्हणजे इन्हिबिटर, तयार झालेत का, हे ठरलेल्या वेळाने तपासत राहा. चाचणीचं आमंत्रण कुणी दिलंच, तर सीटीआरआय या सरकारी नोंदवहीतला क्रमांक मागा. भारतात हिमोफिलियाची जीन थेरपी फक्त मंजूर चाचणीतच देता येते आणि चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. पैसे मागणाऱ्याकडे पुढचा प्रश्नही विचारत बसू नका. आकडे दाखवले तर ते कुठल्या पद्धतीने मोजले ते विचारा. जीन थेरपीतला फॅक्टर आठ वन-स्टेज तपासणीत क्रोमोजेनिक तपासणीपेक्षा दीडपट किंवा त्याहून जास्त दिसतो. मी वर दिलेले रॉक्टेव्हियनचे आकडे क्रोमोजेनिकचे आहेत.

पण ताई, तुमच्या पत्रातली मला सर्वांत खटकलेली गोष्ट जीन थेरपीशी संबंधित नाही. सिव्हियर हिमोफिलिया एच्या मुलाला साधा फॅक्टर आठ आठवड्यातून दोनदा पुरत नाही. १२ तासांत निम्मा होणारा फॅक्टर चौथ्या दिवशी जवळजवळ शून्य झालेला असतो. प्रतिबंधक म्हणून तो सहसा एक दिवसाआड किंवा आठवड्यातून तीनदा देतात. एकाच गुडघ्यात दोनदा रक्त साचलं, तेव्हा ते त्या रिकाम्या दिवसांत साचलं का, हे तारखा काढून बघा. पुढच्या भेटीत डोस देण्याच्या अगदी आधी रक्त घेऊन फॅक्टर किती उरतो ते मोजायला सांगा. वेळापत्रक बदलता येईल का, किंवा एमिसिझुमॅब आपल्या केंद्रात मिळेल का, हे तिथल्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा. ते सुरू झालं तर एक लक्षात ठेवा, एमिसिझुमॅब चालू असताना वन-स्टेज तपासणीत फॅक्टर आठ खोटाच जास्त दिसतो, म्हणून कुठलीही रक्ततपासणी करताना ते औषध चालू आहे हे आधी सांगायचं. गुडघ्याची सोनोग्राफी आणि फिजिओथेरपी याच महिन्यात सुरू करा. एकदा झिजलेला सांधा कुठलीही जीन परत देत नाही.